टँकरची ट्रिप: किलोमीटरचा हिशोब आणि मे महिन्याचा भाव

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच सवाल आला, "भाऊ, हिवाळ्यात आठशेला येणारा टँकर उन्हाळ्यात बाराशे कसा मागतो? लुटतात का हे लोक?" ऐकायला वेळ नसेल तर वाचा, कारण आज आकडे आहेत आणि आकडे कानापेक्षा डोळ्याला बरे समजतात.

तर माझा चुलतभाऊ तिवस्यात ट्रॅक्टरवर पाण्याचा टँकर चालवतो. पाच हजार लिटरचा. दोन उन्हाळे मी त्याची वही सांभाळली, म्हणून हे सांगू शकतो. या भागातले रेट मी सांगतो ते त्याच्या वहीतले समजा, तुमच्या गावचे वेगळे असतील. पण हिशोबाची पद्धत तीच राहते.

आधी एक ट्रिप म्हणजे काय ते बघू. ट्रॅक्टर बोअरवर जातो, टाकी भरतो, गावात जातो, तुमच्या हौदात नाहीतर ड्रमात पाणी सोडतो, रिकामा परत येतो. म्हणजे तुमचं घर सहा किलोमीटरवर असेल तर चाक बारा किलोमीटर फिरतं. भरलेला ट्रॅक्टर काही मोटारसायकल नाही. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन वजन, वर टाकीचं वेगळं. सरासरी तासाला सोळा किलोमीटर धरा. मग बारा किलोमीटरला पाऊण तास जातो. हिवाळ्यात बोअर मिनिटाला दोनशे लिटर देतं, म्हणून भरायला पंचवीस मिनिटं. सोडायला वीस. एकूण दीड तास. नऊ तासांच्या दिवसात सहा ट्रिपा बसतात.

आता खर्च. ड्रायव्हरची मजुरी, ट्रॅक्टरचा हप्ता, टायर-दुरुस्ती असं सगळं मिळून दिवसाला अठराशे रुपये. ट्रॅक्टर उभा राहिला तरी हे लागतातच. नऊ तासांवर वाटले तर मिनिटाला तीन रुपये तेहतीस पैसे. दीड तासाच्या ट्रिपवर तीनशे बसले. डिझेल आम्ही किलोमीटरला बावीस रुपये धरतो, म्हणजे बारा किलोमीटरचे 264. बोअरवाल्याला एका टँकरमागे शंभर. (त्यानं पाणी विकायला व्यावसायिक मीटर घेतलंय. शेतीच्या कनेक्शनवरचं पाणी विकलं तर वीज कायद्याच्या दृष्टीनं तो अनधिकृत वापर होतो, हे फार जणांना माहीतच नसतं.) बेरीज 664. भाऊ आठशे घेतो. म्हणजे मधे जे उरतं त्यात त्याचं घर चालतं, आणि एखादी ट्रिप वाया गेली तर तीही त्यातूनच भागते.

त्याचा हिवाळ्याचा रेट असा होता: भरण्याच्या जागेपासून तीन किलोमीटरपर्यंत सहाशे, सहापर्यंत आठशे, दहापर्यंत साडेदहाशे, आणि त्यापुढे दर किलोमीटरला सत्तर. हे सत्तर कुठून आले? एक किलोमीटर पुढं म्हणजे जाऊन-येऊन दोन, त्याचं डिझेल 44. शिवाय साडेसात मिनिटं जास्त जातात, त्याचे पंचवीस. झाले सत्तर.

यालाच स्लॅब म्हणतात, आणि स्लॅबमधली खोच इथेच आहे. एकाचं घर 5.9 किलोमीटरवर आहे, त्याला आठशे. शेजारच्या गल्लीतलं 6.1 वर आहे, त्याला साडेदहाशे. दोनशे मीटरसाठी अडीचशे रुपये! भांडण होणारच. मी भावाला म्हटलं, "स्लॅब काढून टाक. चारशे रुपये मूळ आणि दर किलोमीटरला सत्तर असा सरळ दर ठेव." करून बघा: तीन किलोमीटरला 610, सहाला 820, दहाला अकराशे. जवळपास तेच आकडे येतात आणि मधली उडीही नाही.

तो हसला. म्हणे, "तू कधी फोनवर गिऱ्हाईक घेतलं काय? माणूस विचारतो, 'मोझरीले किती घेता भाऊ?' मी त्याले सूत्र सांगू काय?" खरं आहे. गिऱ्हाईकाला एक आकडा लागतो, आणि दारात उभं राहून मीटरवरचे किलोमीटर मोजत बसायला कोणाला वेळ नाही. स्लॅब म्हणजे वाद टाळण्याची किंमत आहे. मग आम्ही मधला रस्ता काढला. सूत्र वहीत ठेवलं, आणि त्यावरून गावागावाचा एकेक ठोक रेट काढला, गावातल्या चौकापर्यंतचं अंतर धरून. गाव तुटत नाही, म्हणजे एका गल्लीला एक आणि दुसरीला दुसरा असं होत नाही. शेतातल्या घराला तेवढं वेगळं सांगायचं.

आता मे महिन्यावर येऊ, कारण खरा गोंधळ तिथं आहे.

आपला हा भाग काळ्या पाषाणाचा. बोअरला पाणी लागतं ते खडकातल्या भेगांत. उन्हाळ्यात त्या भेगा हळूहळू भरतात, म्हणून बोअर थोडा वेळ चालतं, मग बंद ठेवावं लागतं, पुन्हा सुरू करायचं. आमचे लोक म्हणतात, बोअर दम घेते. जी टाकी पंचवीस मिनिटांत भरायची, तिला मेमध्ये सव्वा तास लागला. म्हणजे ट्रिपमागे पन्नास मिनिटं जास्त. सहाच्या जागी ओढूनताणून चार ट्रिपा. पन्नास मिनिटांचे 167 रुपये झाले. बोअरवालाही शंभराचे अडीचशे मागायला लागला, म्हणजे दीडशे अजून. एकूण तीनशे-सव्वातीनशे रुपये ट्रिपमागे खरोखर वाढले.

आणि डिझेल? ते तसंच. रस्ता तोच, ट्रॅक्टर तोच.

पहिल्या उन्हाळ्यात भावानं काय केलं, तर सगळे रेट सरसकट दीडपट केले. सोपं वाटलं. सहाशेचे नऊशे, आठशेचे बाराशे, साडेदहाशेचे 1,575. आणि दहा किलोमीटरवरची त्याची तीन जुनी गिऱ्हाईकं तुटली. त्यातल्या एकाकडे दुभती जनावरं होती, वर्षभराचं बांधलेलं काम. तो म्हणाला, "डिझेल तर वाढलं नाही ना, मग माझं का एवढं वाढलं?" भावाजवळ उत्तर नव्हतं, कारण तो माणूस बरोबर होता.

मग आम्ही वही काढून बसलो. टंचाईमुळे वाढतो तो भरण्याचा वेळ आणि पाण्याचा दाम. दोन्ही दर ट्रिपला सारखेच वाढतात, घर जवळ असो की दूर. म्हणजे वाढ गुणायची नसते, मिळवायची असते. प्रत्येक रेटमध्ये सरळ तीनशे मिळवले: नऊशे, अकराशे, साडेतेराशे. जवळच्याला दीडपट आणि हे सारखंच पडतं, नऊशे. दूरच्याचे मात्र 225 रुपये वाचतात. दीडपटीत भाऊ दूरच्या माणसाकडून न वाढलेल्या डिझेलचेही पैसे घेत होता, आणि ते त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं.

गंमत म्हणजे सरकारी टँकरचं भाडंही असंच दोन तुकड्यांत असतं. टाकीच्या टनांवर रोजचं एक भाडं, आणि धावलेल्या किलोमीटरवर वेगळं. म्हणूनच त्या गाड्यांवर जीपीएस लावायला सांगतात, किलोमीटर खोटे दाखवता येऊ नयेत म्हणून.

टंचाईचा रेट कधी लावायचा? सरकारी टंचाई आराखडा तीन टप्प्यांचा असतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून. बरेच टँकरवाले एक एप्रिल उजाडला की भाव चढवतात. पण बोअरला कॅलेंडर दिसत नाही. आम्ही घड्याळ धरलं. दर भरणीला सुरू-बंदची वेळ वहीत लिहायची. सलग तीन दिवस चाळीस मिनिटांच्या वर गेलं की दीडशे वाढवायचे, तासाच्या वर गेलं की पूर्ण तीनशे. आणि वेळ खाली आली की तसेच उतरवायचे. हे उतरवणं लोक विसरतात, मुद्दाम विसरतात म्हणा. गिऱ्हाईकानं विचारायचा प्रश्न म्हणूनच हा आहे: "भरायला किती वेळ लागतोय सध्या?" चालवणाऱ्यानं पटकन सांगितलं तर तो मोजतोय. नुसतं "उन्हाळा हाय ना" म्हणाला तर अंदाजपंचे चाललंय.

दुसरा प्रश्न: "कुठून भरता?" जवळचं बोअर आटलं, किंवा टंचाईत प्रशासनानं ती विहीर अधिग्रहित केली, की भरण्याची जागा बदलते. मग सगळी अंतरं नव्यानं मोजावी लागतात. यात काही गावं दूर जातात आणि काही जवळ येतात. जवळ आलेल्या गावाचा रेट कमी व्हायला पाहिजे. तो आपोआप होत नाही, सांगावं लागतं.

आणि एक राहिलं, टाकी खरंच पाच हजारांची आहे का? आडव्या गोल टाकीचा आतला व्यास आणि लांबी मीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले लांबी गुणिले 0.785. आमच्या टाकीचा व्यास 1.4 आणि लांबी 3.25, उत्तर येतं पाच घनमीटर, म्हणजे पाच हजार लिटर. वरून झाकण उघडून काठी टाकली आणि दहा सेंटिमीटर रिकामं दिसलं तर भांडू नका, गोल टाकीचा माथा अरुंद असतो, जेमतेम दीडशे-एकशेसाठ लिटर कमी असतात आणि तेवढं रस्त्यात हिंदकळून सांडू नये म्हणूनही ठेवतात. तीस सेंटिमीटर रिकामं असेल तर मात्र जवळपास आठशे लिटर गेले. तिथं बोलायचं.

तुमच्या बाजूनंही एक आहे. चार घरं मिळून एक टँकर घेतला तर छान, पण वीस ड्रमांत पाइप फिरवत बसलं की सोडायलाच चाळीस-पंचेचाळीस मिनिटं जातात. ते जास्तीचे पाऊण-एक शंभर रुपये भाऊ आता आधीच सांगतो. एका मोठ्या हौदात सोडून नंतर वाटून घेतलं तर ते वाचतात.

या वर्षी त्यानं टाकीच्या मागं पत्र्याची पाटी लावली आहे. गावांची नावं, प्रत्येकापुढं साधा रेट, आणि खाली खडूनं लिहायची एक ओळ: आजची टंचाई वाढ. मी परवा पाहिली तेव्हा तिथं दीडशे होते. जनावरांवाले काका परत आलेत, पण महिन्याचे पैसे अजूनही उधारीवरच देतात.