बारा शाखा, एक कागद

समजा, एका शिक्षण संस्थेच्या लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत मिळून बारा शाखा आहेत. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर आणि जळकोट या सहा लातूर जिल्ह्यातल्या. नांदेड, लोहा, कंधार, मुखेड, देगलूर आणि किनवट या सहा नांदेड जिल्ह्यातल्या. प्रत्येक शाखेकडून दरमहा हजेरीची टक्केवारी येते. जून ते एप्रिल असे अकरा महिने धरले तर वर्षाअखेर १३२ आकडे हाती येतात. त्यांवरून हजेरी कुठे, केव्हा आणि किती घटली हे पाहायचे आहे. संस्था आणि तिचे आकडे आम्ही उदाहरणासाठी कल्पिलेले आहेत. ज्या गोष्टीमुळे हजेरी घटते ती मात्र काल्पनिक नाही.

पहिला उपाय सरासरीचा. सोयीसाठी सर्व शाखांचा पट सारखा मानू. ऑगस्टमध्ये सर्वांची सरासरी ८८ टक्के होती, डिसेंबरमध्ये ती ८२ टक्के झाली. सहा टक्क्यांची घट पाहून कोणी म्हणेल, थंडीचे दिवस, लग्नसराई, चालायचेच. पण नऊ शाखांची हजेरी ८८ टक्क्यांवरच राहिली असेल आणि मुखेड, कंधार व जळकोट या तीन शाखांची ६४ टक्क्यांवर आली असेल, तरीही सरासरी ८२ टक्केच येते. पडताळून पाहा : ९ × ८८ आणि ३ × ६४ यांची बेरीज ९८४, तिला १२ ने भागले की ८२. म्हणजे सहा टक्क्यांच्या घटीआड चोवीस टक्क्यांची घट लपलेली असते.

दुसरा उपाय, बारा शाखांच्या बारा रेषा एकाच आलेखावर काढण्याचा. यात आकडे लपत नाहीत, पण डोळा हरवतो. बहुतेक रेषा ८५ ते ९२ टक्क्यांच्या पट्ट्यात एकमेकींना छेदत जातात. कोणती रेषा कोणाची हे कळण्यासाठी रंगांची सूची पाहावी लागते, आणि सूचीकडून आलेखाकडे परत येईपर्यंत रेषा विसरायला होते. चार रेषांपर्यंत हे जमते; बारा रेषांचा मात्र गुंता होतो.

तिसरा उपाय म्हणजे बारा छोटे आलेख. सारख्या मापाचे, सारख्या अक्षांचे, एकाच कागदावर ओळीने मांडलेले. अमेरिकेच्या १८७० च्या जनगणनेवर आधारलेला संख्याशास्त्रीय नकाशासंग्रह १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक राज्यासाठी एकाच साच्याच्या छोट्या आकृत्या अशाच शेजारी शेजारी छापल्या होत्या. पुढे एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात या मांडणीला ‘स्मॉल मल्टिपल्स’ म्हटले आणि ते नाव रूढ झाले. आपण त्यांना लघु-आलेखमाला म्हणू.

कागदावर कसे काढावे

१८ सेंटिमीटर रुंद आणि २४ सेंटिमीटर उंच असा आलेख कागद घ्यावा. त्यावर तीन स्तंभ आणि चार ओळी अशा बारा चौकटी आखाव्यात. प्रत्येक चौकट ४ सेंटिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर उंच असावी. आडव्या अक्षावर प्रत्येक महिन्याला ४ मिलिमीटर दिले की जून ते एप्रिल ही रेषा बरोबर ४ सेंटिमीटरमध्ये बसते. उभ्या अक्षावर ४० ते १०० टक्के घ्यावेत, म्हणजे एका सेंटिमीटरला २० टक्के. अक्ष शून्यापासून सुरू होत नाही, हे कागदावर एकदा लिहून ठेवावे. चौकटीवर शाखेचे नाव आणि कोपऱ्यात पटसंख्या लिहावी.

मग प्रत्येक चौकटीत आधी बारा शाखांच्या सरासरीची रेषा पेन्सिलीने फिकट काढावी आणि तिच्यावर त्या शाखेची रेषा शाईने काढावी. फिकट रेषा बाराही चौकटींत तीच असते. त्यामुळे दूरच्या दोन चौकटींची तुलना करतानाही डोळ्याला एक ठरलेला आधार मिळतो.

आता कागद हातभर लांब धरून पाहू. आकडे वाचता येत नाहीत, पण आकार दिसतात. बहुतेक चौकटींत रेषा जवळजवळ सपाट आहे. उदगीरच्या चौकटीत ऑक्टोबरमध्ये एक लहानशी खाच आहे आणि नोव्हेंबरमध्ये रेषा पुन्हा वर येते. मुखेड, कंधार आणि जळकोट येथे मात्र रेषा ऑक्टोबरपासून उतरते, नोव्हेंबरात तळाशी जाते आणि मार्चपर्यंत तिथेच राहते. एक खाच आहे, दुसरा खड्डा.

खाच सोयाबीनच्या काढणीची असू शकते. मुले दोन-तीन आठवडे शेतात असतात. खड्ड्याची रुंदी ऊसतोडीच्या हंगामाशी जुळते. या भागांतली अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. आकारावरून कारण सिद्ध होत नाही. ते गावात जाऊन विचारावे लागते. पण कुठे आणि काय विचारायचे, हे आकार सांगतो. उपायही वेगळे आहेत. खाचेसाठी सुट्टीचे दिवस पुढेमागे केले तरी भागू शकते. खड्ड्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय लागते, आणि ती कुटुंबे गाव सोडण्यापूर्वी व्हायला हवी.

तीन चुका

पहिली चूक प्रत्येक चौकटीला वेगळी पट्टी देण्याची. संगणकावर आलेख काढले तर ही चूक आपोआपही होते, कारण पुष्कळदा तो प्रत्येक रेषा तिची चौकट भरेल इतकी ताणतो. मग लातूरची ९४ वरून ९१ पर्यंतची घट आणि मुखेडची ८८ वरून ६४ पर्यंतची घट सारख्याच उंचीच्या दिसतात. आपल्या पट्टीवर पहिली घट दीड मिलिमीटर आणि दुसरी बारा मिलिमीटर भरते. फूटपट्टी ठेवून कोणत्याही दोन चौकटींत २० टक्क्यांचे अंतर सारखेच आहे ना, हे तपासावे.

दुसरी चूक लहान पटाची रेषा मोठ्या पटाइतकीच गांभीर्याने घेण्याची. पट २५ असेल तर एक मूल म्हणजे ४ टक्के. एका घरात दोन भावंडे आजारी पडली की रेषा घसरते. पटसंख्या कोपऱ्यात लिहायची ती यासाठीच.

तिसरी चूक रेषेच्या आधीची आहे, आणि तीच सर्वांत घातक. समजा, ३० सप्टेंबरला शाळेचा पट १२० होता. नंतर ३६ मुले आईवडिलांबरोबर गेली आणि डिसेंबरमध्ये रोजची सरासरी हजेरी ७६ राहिली. ७६ भागिले १२० म्हणजे सुमारे ६३ टक्के. पण गेलेल्या मुलांची नावे पटावरून कमी केली असतील तर ७६ भागिले ८४ म्हणजे सुमारे ९० टक्के! खड्डा नाहीसा होतो आणि रेषा लातूरसारखी सपाट दिसते. म्हणून ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत छेद ३० सप्टेंबरच्या पटाचाच ठेवावा; त्यानंतर दाखल झालेल्या मुलांची नोंद वेगळी करावी. शिक्षकांची पदे मंजूर करतानाही याच तारखेचा पट पाहिला जातो, त्यामुळे तो आकडा प्रत्येक शाळेत तयार असतो. आणि ऊसतोडीचे स्थलांतर बहुतांशी या तारखेनंतर सुरू होत असल्यामुळे ते त्या पटात कधीच दिसत नाही.

या मांडणीची मर्यादाही आहे. ८७ आणि ८९ टक्क्यांच्या दोन शाखांत पुढे कोण, हे इतक्या लहान चौकटींत दिसणार नाही. त्यासाठी तक्ताच बरा. चौकटींचा क्रमही वर्णानुक्रमे न लावता घटीच्या क्रमाने लावावा. मग मुखेड, कंधार आणि जळकोट पहिल्याच ओळीत शेजारी येतात. पुढच्या वर्षी हाच क्रम आणि हीच पट्टी कायम ठेवली, तर दोन वर्षांचे कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात पाहता येतात. वसतिगृह वेळेवर उघडले असेल तर पहिल्या ओळीतला खड्डा उथळ झालेला दिसेल. तसा तो झाला नसेल, तर हेही त्याच ओळीत दिसेल.