चौरस फुटाचा भाव आणि एक सरळ रेषा

घर घ्यायला निघालेल्या माणसाच्या कानावर सगळ्यात आधी पडतो तो चौरस फुटाचा भाव. ‘या भागात दहा हजार चालू आहे,’ असे एजंट सांगतो आणि आपण लगेच क्षेत्रफळाला दहा हजारांनी गुणू लागतो. या गुणाकारात एक गोष्ट न तपासता मान्य केलेली असते. क्षेत्रफळ दुप्पट झाले की किंमतही बरोबर दुप्पट होते, ही ती गोष्ट. ती खरी आहे का, हे पाहण्याचे सोपे साधन संख्याशास्त्रात आहे. त्याला सिंपल लिनिअर रिग्रेशन म्हणतात. एका राशीवरून दुसरीचा अंदाज देणारी, आकड्यांमधून जाणारी सर्वांत योग्य सरळ रेषा शोधणे, एवढेच त्याचे काम.

ते समजून घेण्यासाठी एक छोटा तक्ता घेऊ. आकडे हिशेब सोपा जावा म्हणून मुद्दाम रचलेले आहेत. एकाच भागातले, साधारण एकाच वयाच्या इमारतींतले पाच फ्लॅट आहेत, असे समजा.

| फ्लॅट | कार्पेट क्षेत्र (चौ. फूट) | किंमत (लाख रु.) |
|---|---|---|
| अ | ४०० | ४८ |
| ब | ५०० | ४४ |
| क | ६०० | ६० |
| ड | ७०० | ७६ |
| इ | ८०० | ७२ |

असा तक्ता स्वतः तयार करताना पहिली काळजी क्षेत्रफळाच्या रकान्याची घ्यावी लागते. एका फ्लॅटचे कार्पेट आणि दुसऱ्याचे सुपर बिल्ट-अप असे मिसळले, तर पुढचा सगळा हिशेब बिघडतो. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या ठरवून दिली आहे. तेच एक माप सगळीकडे वापरावे.

तक्ता नीट पाहिला तर दिसते की मोठे घर दर वेळी महाग नाही. ‘ब’ हा ‘अ’पेक्षा मोठा असून स्वस्त आहे आणि ‘इ’ हा ‘ड’पेक्षा. एखाद्या फ्लॅटला स्वतःचे पार्किंग असेल, एखादा लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर असेल. पाचही बिंदूंतून जाणारी सरळ रेषा त्यामुळे निघणारच नाही. मग कोणती काढायची? रेषेने सांगितलेली किंमत आणि खरी किंमत यांतला फरक प्रत्येक फ्लॅटसाठी काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि सगळ्या वर्गांची बेरीज करायची. ज्या रेषेसाठी ही बेरीज सर्वांत कमी येते, ती आपली रेषा. ही लघुतम वर्गांची पद्धत फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. वर्ग घेतल्याने वरचे आणि खालचे फरक एकमेकांना खोडत नाहीत आणि मोठी चूक लहान चुकीपेक्षा खूप महाग पडते. हा दुसरा गुण लक्षात ठेवावा. पुढे तोच अडचण निर्माण करणार आहे.

ही रेषा कागदावरही काढता येते. क्षेत्रफळाची सरासरी ६०० आहे आणि किमतीची ६० लाख. प्रत्येक फ्लॅट या सरासरींपासून किती दूर आहे ते मांडू. ‘अ’ क्षेत्रफळात २०० ने आणि किमतीत १२ ने कमी आहे; या दोन्हींचा गुणाकार २,४००. ‘ब’चा १,६००, ‘क’चा शून्य, ‘ड’चा १,६०० आणि ‘इ’चा २,४००. बेरीज झाली ८,०००. आता केवळ क्षेत्रफळातल्या फरकांचे वर्ग करून मिळवले की १,००,००० येतात. ८,००० ला १,००,००० ने भागले की ०.०८ मिळतात. हा रेषेचा चढ, म्हणजे स्लोप. रेषा दोन्ही सरासरींच्या बिंदूतून जातेच. म्हणून ६० मधून ०.०८ गुणिले ६००, म्हणजे ४८, वजा केले की १२ उरतात. हा इंटरसेप्ट, रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा. आपले समीकरण असे झाले:

```
किंमत = 12 + 0.08 × क्षेत्रफळ
```

एक्सेलमध्ये हेच काम तीन सूत्रे करतात. क्षेत्रफळ B रकान्यात आणि किंमत C रकान्यात असेल तर ती अशी लिहायची:

```
=SLOPE(C2:C6,B2:B6)
=INTERCEPT(C2:C6,B2:B6)
=RSQ(C2:C6,B2:B6)
```

ज्याचा अंदाज हवा तो रकाना, म्हणजे किंमत, आधी येतो. क्रम उलटा झाला तर स्लोप ०.०८ ऐवजी १० येईल. दर चौरस फुटाला दहा लाख दिसले की रकाने उलटे पडलेत हे लगेच ओळखू येते. RSQ मात्र दोन्ही क्रमांत सारखेच उत्तर देते, त्यामुळे ही चूक तिथे सापडत नाही.

आता या आकड्यांचा अर्थ पाहू. स्लोप ०.०८ लाख म्हणजे आठ हजार रुपये. या तक्त्यातल्या दोन फ्लॅटांत शंभर चौरस फुटांचा फरक असेल, तर किमतीत सरासरी आठ लाखांचा फरक पडतो, असे तो सांगतो. ही तुलना वेगवेगळ्या फ्लॅटांची आहे. बाल्कनी बंद करून आपलेच घर पन्नास चौरस फुटांनी वाढवले तर त्याची किंमत चार लाखांनी वाढेल, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आणि एजंटाचा दहा हजारांचा भाव? पाचही फ्लॅटांची एकूण किंमत ३०० लाख आणि एकूण क्षेत्रफळ ३,००० चौरस फूट; भागाकार बरोबर दहा हजार. त्याचा आकडा चुकीचा नाही. पण रेषेचा स्लोप आठ हजार आहे, आणि या दोन हजारांच्या तफावतीचे उत्तर इंटरसेप्टमध्ये आहे.

इंटरसेप्ट १२ याचा शब्दशः अर्थ ‘शून्य चौरस फुटांच्या फ्लॅटची किंमत बारा लाख’ असा होतो. असा फ्लॅट नसतो, आणि आपल्या तक्त्यात ४०० च्या खाली एकही घर नाही. त्यामुळे या आकड्याला किंमत म्हणून वाचायचे नाही. तरीही त्याला काम आहे, कारण चारशे ते आठशेच्या टप्प्यात रेषा योग्य उंचीवर तोच बसवतो. तो शून्याहून मोठा असला की किंमत क्षेत्रफळाच्या नेमक्या पटीत वाढत नाही. घर लहान असो की मोठे, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर लागतेच, लिफ्ट आणि जिना असतोच, परिसरही तोच मिळतो. रेषेप्रमाणे ४०० चौरस फुटांचे घर ४४ लाखांना, म्हणजे फुटाला अकरा हजारांनी पडते. ८०० चौरस फुटांचे ७६ लाखांना, म्हणजे साडेनऊ हजारांनी. दहा हजारांचा एकच भाव लावला तर लहान घराची किंमत चार लाखांनी कमी धरली जाते आणि मोठ्याची चार लाखांनी जास्त.

रेषा कितपत बसली, हे आर-स्क्वेअर सांगतो. क्षेत्रफळ माहीतच नसते, तर प्रत्येक फ्लॅटसाठी आपण सरासरी ६० लाखच म्हटले असते. त्या अंदाजातल्या चुकांच्या वर्गांची बेरीज ८०० येते. रेषा वापरली की चुका अशा उरतात: ‘अ’ चार लाखांनी वर, ‘ब’ आठने खाली, ‘क’ बरोबर रेषेवर, ‘ड’ आठने वर, ‘इ’ चारने खाली. यांच्या वर्गांची बेरीज १६०. म्हणजे ८०० पैकी ६४० चूक रेषेने कमी केली. ६४० भागिले ८०० म्हणजे ०.८०. किमतींत फ्लॅटागणिक जो चढउतार आहे, त्यातला ८० टक्के भाग क्षेत्रफळाच्या रेषेने टिपला, असे याचे वाचन.

यावरून ‘८० टक्के अंदाज बरोबर येतात’ किंवा ‘किमतीचा ८० टक्के भाग क्षेत्रफळामुळे ठरतो’ असे म्हणता येत नाही. आर-स्क्वेअर ०.८० असूनही दोन फ्लॅटांच्या बाबतीत रेषा आठ लाखांनी चुकली आहे. घर घेणाऱ्याला रुपयांतली ही चूकच जास्त उपयोगाची. ‘ब’ आठ लाखांनी स्वस्त का, हा प्रश्न प्रत्यक्ष जागेवर जाऊन विचारण्याजोगा आहे. लिफ्ट, मजला, कागदपत्रे, काहीतरी कारण असणार.

आर-स्क्वेअर किती फसवू शकतो ते पाहण्यासाठी याच तक्त्यात सहावे घर घालू: १,५०० चौरस फुटांचे, २४० लाखांचे पेंटहाऊस. पुन्हा हिशेब केला की स्लोप ०.१८ च्या वर जातो, इंटरसेप्ट उणे ४८ च्या आसपास येतो आणि आर-स्क्वेअर ०.८० वरून ०.९५ वर चढतो. आकडा सुधारला, पण रेषा बिघडली. ४०० चौरस फुटांच्या घराला ती आता जेमतेम २५ लाख सांगते, जिथे ‘अ’ ४८ लाखांचा आहे. ८०० च्या घराला ९९ लाख सांगते, जिथे ‘इ’ ७२ लाखांचा आहे. लांबच्या एका बिंदूवर मोठी चूक होऊ नये म्हणून रेषा त्याच्याकडे कलली, कारण वर्गांच्या हिशेबात मोठी चूक फार महाग पडते. शिवाय सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीजही ८०० वरून २७,८०० झाली. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे रेषेच्या उरलेल्या चुका क्षुल्लक वाटू लागतात, म्हणून आर-स्क्वेअर वाढतो. ही गडबड तीन आकड्यांत दिसत नाही, आलेखात मात्र पाहताक्षणी दिसते: पाच बिंदू एका कोपऱ्यात, एक दूर, आणि रेषा त्याच्याकडे ओढलेली. म्हणून सूत्र टाकण्याआधी स्कॅटर चार्ट काढावा. पेंटहाऊससारखे घर वेगळ्या बाजाराचे असेल तर त्याचा हिशेबही वेगळा करावा. पाच फ्लॅटांच्या मूळ रेषेवरून दीड हजार फुटांच्या घराची किंमत काढणेही तितकेच चूक, कारण ८०० च्या पुढे तिच्याजवळ काहीच पुरावा नाही.

शेवटचा प्रश्न तक्त्याच्या आकाराचा. पाचच फ्लॅट असताना आठ हजारांच्या स्लोपवर किती विसंबावे? नेहमीच्या ९५ टक्के विश्वास-अंतराचा हिशेब केला तर या तक्त्यातून स्लोप सुमारे ६५० रुपयांपासून १५,३५० रुपयांपर्यंत कुठेही असू शकतो. हाच विस्कळीतपणा राहिला, पण फ्लॅट पन्नास असले, तर हीच कक्षा साधारण ६,८५० ते ९,१५० वर येते. तेव्हा मात्र दहा हजार या कक्षेबाहेर पडतात, आणि वाढीव चौरस फुटामागे दहा हजार मागणाऱ्या विक्रेत्याशी घासाघीस करायला हातात ठोस आधार येतो.