सबटायटल्सची फाईल आणि गायब झालेला भाव

तुमच्या व्हिडिओच्या सबटायटल्सपासून लेख किंवा माहितीपत्रक बनवायचंय ना? मग .srt फाईल नोटपॅड++ मध्ये उघडा. आत असं काहीतरी दिसेल:

```
14
00:01:12,400 --> 00:01:15,100
एक किलो पापडाचा भाव

15
00:01:15,100 --> 00:01:16,800
320

16
00:01:16,800 --> 00:01:19,900
रुपये ठेवला तर पाकिटाचा
खर्च निघतो का ते बघा
```

आधी एक कॉपी करून ठेवा, मूळ फाईलला हात लावू नका. नंतर एखादा शब्द खटकला, तर व्हिडिओत तो नेमका कुठे आहे हे त्या वेळेवरूनच सापडतं.

आता क्रमांक काढायचे. बहुतेक जण नुसते आकडे असलेली प्रत्येक ओळ उडवतात. मीही पूर्वी तेच केलं होतं. वर बघा, 320 पण एकटाच ओळीवर आहे! क्रमांकांबरोबर तोही जातो, आणि उरतं काय, तर "पापडाचा भाव रुपये ठेवला". गिऱ्हाईक हसेल ते वेगळंच.

म्हणून क्रमांक ओळखायचा तो त्याच्या खालच्या ओळीवरून. खाली लगेच वेळेची ओळ असेल तरच तो क्रमांक. Ctrl+H दाबा, Regular expression निवडा, Find what मध्ये हे टाका आणि Replace with रिकामं ठेवा:

```
^[0-9]+\R[0-9:,]+ --> [0-9:,]+\R
```

Replace All झालं की `-->` शोधून बघा. एकही सापडता कामा नये. सापडलं, तर तिथली ओळ हाताने तपासा.

पुढे ओळी जोडायच्या. Find what मध्ये `\R+` आणि Replace with मध्ये एक स्पेस. ही स्पेस विसरलात की "पाकिटाचाखर्च" असा शब्द तयार होतो. बरोबर झालं तर हे मिळेल:

एक किलो पापडाचा भाव 320 रुपये ठेवला तर पाकिटाचा खर्च निघतो का ते बघा

आता सगळा मजकूर एकच लांबलचक परिच्छेद होतो, आणि आपोआप बनलेल्या सबटायटल्समध्ये पूर्णविराम बहुधा नसतात. इथे शॉर्टकट मारायचा मोह होतो. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, मग प्रत्येक "आहे"नंतर टिंब टाकू या! तसं केलंत तर "परवडणारं आहे. म्हणून घेतलं" आणि "स्टॉक आहे. का" असली वाक्यं पडतील. हे काम कानानेच करावं लागतं. व्हिडिओ लावा, बोलणारा जिथे थांबतो तिथे मजकुरात अर्थही पूर्ण होतोय का बघा, आणि दोन्ही जुळलं तरच टिंब द्या. नुसता श्वास घ्यायला थांबला असेल तर देऊ नका. विषय बदलला की नवा परिच्छेद. ऐकता ऐकता भाव, वजन आणि फोन नंबरही तपासून घ्या, कारण आकडा चुकीचा ऐकला गेला असेल तर तो वाचताना लक्षात येत नाही.