Explainer: आंघोळीच्या पाण्यात विसण घातलं की एन्ट्रॉपी का वाढते? समजून घ्या बादलीचं गणित

बादलीत 80 अंश सेल्सिअसचं 10 लिटर पाणी आहे. त्यात 20 अंशांचं 10 लिटर विसण घातलं, तर पाणी 50 अंशांवर येतं. गरम पाण्याने जेवढी उष्णता गमावली, तेवढीच थंड पाण्याला मिळाली. उष्णतेचा हिशेब शून्य झाला. एन्ट्रॉपीचा मात्र होत नाही.

हिशेब का जुळत नाही?

‘एन्ट्रॉपी’ हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियस यांनी 1865 मध्ये दिला. एन्ट्रॉपीतला बदल काढताना उष्णतेला त्या क्षणीच्या तापमानाने भागायचं असतं आणि हे तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं असतं. 80 अंश म्हणजे सुमारे 353 केल्व्हिन, तर 20 अंश म्हणजे 293. समजा, सुरुवातीला 1 किलोज्यूल उष्णता गरमाकडून थंडाकडे गेली. गरम पाण्याची एन्ट्रॉपी 1/353 ने घटली, थंडाची 1/293 ने वाढली. भाजक लहान असल्याने वाढ घटीपेक्षा मोठी. दोन्हींचं तापमान सारखं होईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर हेच घडतं.

पूर्ण आकडेमोड

तापमान सतत बदलत असल्याने सगळे टप्पे एकत्र करणारं सूत्र असं:

ΔS = mc ln(T₂/T₁)

10 लिटर, म्हणजे जवळपास 10 किलो पाण्यासाठी mc = 42 किलोज्यूल प्रति केल्व्हिन.

- गरम पाणी: 42 × ln(323/353) ≈ −3.73
- थंड पाणी: 42 × ln(323/293) ≈ +4.09
- एकूण: सुमारे +0.36 किलोज्यूल प्रति केल्व्हिन

म्हणजे गरम पाण्याची एन्ट्रॉपी खरोखर कमी झाली. नियम एकूण बेरजेला लागू होतो, एकेका वस्तूला नाही. बादली आणि हवेत गेलेली उष्णता इथे धरलेली नाही.

नेहमीची चूक

सूत्रात सेल्सिअसचेच आकडे टाकले, तर उत्तर सुमारे 18.7 येतं, म्हणजे खऱ्याच्या 50 पट. चिन्ह धनच राहतं, म्हणून ही चूक सहज लक्षात येत नाही.

मग गमावलं काय?

पाणी थेट मिसळण्याऐवजी या दोन पाण्यांमध्ये एक आदर्श इंजिन चालवलं असतं, तर सुमारे 117 किलोज्यूल काम मिळालं असतं. 9 वॅटचा एलईडी बल्ब साडेतीन तास चालेल एवढं. त्या वेळी एकूण एन्ट्रॉपी तेवढीच राहिली असती आणि पाणी 50 ऐवजी 48.6 अंशांवर थांबलं असतं. विसण घातल्यावर ऊर्जा बादलीतच राहिली, पण तिच्याकडून हे काम करून घेण्याची संधी गेली. कोमट पाणी पुन्हा आपोआप निम्मं गरम, निम्मं थंड होत नाही. तसं झालं, तर एकूण एन्ट्रॉपी 0.36 ने घटावी लागेल.