मोफत तपासणी, आणि खाली बारीक अक्षरात

गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानदारांनी मला शिबिराची जाहिरात लिहून द्यायला सांगितलं. फलकावर आणि व्हॉट्सॲपवर टाकायला चार ओळी, एवढंच काम. मी झटकन लिहून दिलं: ‘मोफत नेत्रतपासणी शिबिर. संगणकावर शंभर टक्के अचूक नंबर. फ्रेमवर ५० टक्के सूट. रविवारी १० ते ६, पहिल्या २०० जणांसाठी.’

दुकानात नंबर काढणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्ट बाईंनी कागद वाचला आणि आधी २०० वर बोट ठेवलं. “जेवणाचा तास सोडला तर माझ्याकडे सात तास आहेत, म्हणजे ४२० मिनिटं. एका माणसाचा नंबर नीट काढायला वीस मिनिटं लागतात. एकवीस माणसं होतील. दोनशे घेतली तर प्रत्येकाला दोनच मिनिटं. दोन मिनिटांत फक्त मशीन होतं.”

हे मशीन आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. हनुवटी टेकवायची, आत लांब रस्त्याच्या टोकाला एक फुगा किंवा घर दिसतं, ते धूसर होतं, पुन्हा स्पष्ट होतं आणि खालून चिठ्ठी निघते. यंत्र डोळ्यात प्रकाश सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून नंबरचा अंदाज बांधतं. चित्र मुद्दाम धूसर करतात, कारण डोळ्याने ‘लांब बघतोय’ असं समजून सैल पडावं. पण चित्र डब्यातच आहे हे काही डोळ्यांना कळतं. ते जवळचं बघितल्यासारखे ताणतात आणि नसलेला किंवा जास्तीचा मायनस नंबर चिठ्ठीवर उमटतो.

मुलांच्या बाबतीत हे फार होतं. बाईंनी आदल्या आठवड्यातली चौथीतली एक मुलगी सांगितली. एकाच डोळ्याची मशीनने तीन वाचनं दिली: –१.२५, –२.२५, –१.७५. सरासरी काढून –१.७५ चा चष्मा करून देणं सोपं होतं. पण एका डोळ्याचे आकडे एका पूर्ण नंबरने उड्या मारतात, हीच धोक्याची खूण. बाईंनी तिला नेत्रतज्ज्ञांकडे धाडलं. तिथे थेंब घालून डोळ्याचा ताण सोडवला आणि मग मोजलं, तर –०.५० निघाला. थेंबांनंतर जवळचं बराच वेळ धूसर दिसतं, बाहुली मोठी राहते, म्हणून हे काम शिबिराच्या गर्दीत उरकण्यासारखं नाही. –१.७५ चा चष्मा त्या मुलीने घातलाही असता. फळा दिसलाच असता. फक्त डोळे दिवसभर विनाकारण राबले असते.

मोठ्यांसाठी खरा नंबर ठरतो तो चाचणीच्या चौकटीत एकेक काच घालून. मशीनचा आकडा सुरुवातीपुरता. पुढे ‘ही बरी की ती?’ हा कंटाळवाणा प्रश्न, एकेका डोळ्याला. उत्तर नीट देता आलं नाही तर ‘सारखंच दिसतंय’ म्हणावं, अंदाजे ठोकू नये. वीस मिनिटं इथेच जातात.

आणखी एक अडचण मधुमेहाची. साखर वर गेलेली असताना डोळ्यातलं भिंग बदलतं आणि नंबर बहुधा मायनसकडे सरकतो. औषधं सुरू होऊन साखर उतरली की तो पुन्हा हलतो. नव्याने उपचार सुरू झालेल्या माणसाने शिबिरात केलेला चष्मा काही आठवड्यांत निरुपयोगी ठरू शकतो, आणि शिव्या दुकानदाराला पडतात.

सूट मात्र दुकानदारांचा विषय. “५० टक्के फ्रेमवर, काचा वेगळ्या,” ते म्हणाले. मग तेच लिहा ना, मी म्हटलं. चाळिशीच्या दुहेरी काचा फ्रेमपेक्षा महाग पडू शकतात. गिऱ्हाईक बिलापाशी चिडतं ते इथेच.

शेवटी मजकूर असा झाला:

‘मोफत चष्मा-नंबर तपासणी. रविवारी १० ते ६ (१ ते २ बंद). टोकन २१, फोनवर वेळ घ्या. निवडक फ्रेमवर ५० टक्के सूट. काचांचे पैसे वेगळे. नंबरची चिठ्ठी तुमची. चष्मा कुठेही करा. मशीनचा आकडा अंतिम नसतो, काचा घालून तपासूनच नंबर लिहून देऊ. लहान मुलांना गरज वाटल्यास थेंबांच्या तपासणीसाठी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवू. मधुमेह असल्यास आधी सांगा. ही फक्त नंबरची तपासणी आहे. काचबिंदू किंवा पडद्याचे आजार यात कळत नाहीत.’

दुकानदारांनी दोनदा वाचलं. “जाहिरात आहे की औषधाच्या बाटलीवरचा कागद?” असं पुटपुटले. ‘२१’ तेवढा मोठ्या अक्षरात करायला सांगितला. टोकन संपताहेत असं वाटलं तर लोक लवकर फोन करतील, हा त्यांचा हिशोब.