आधी बॉलर मोजा

रविवारी सकाळी मैदानावर बारा जण जमले की सगळ्यात आधी दोन कॅप्टन ठरतात, आणि बहुतेक वेळा ते जमलेल्यांतले सर्वांत चांगले दोन खेळाडू असतात. छापा-काटा होतो, जिंकणारा पहिला माणूस उचलतो, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. पाच मिनिटांत टीम पडतात. मॅचही साधारण तेवढ्याच वेळात एकतर्फी झालेली असते, फक्त ते कळायला तासभर लागतो.

एकाआड एक उचलण्यात हिशेबाचाच दोष आहे. बारा जणांना खेळाप्रमाणे बारापासून एकपर्यंत गुण दिले, असं धरा. पहिला कॅप्टन बारा, दहा, आठ, सहा, चार, दोन असे घेतो, म्हणजे ४२. दुसऱ्याच्या वाट्याला उरतात ३६. दुसऱ्याने एकही चूक न करता ही तफावत पडते, कारण प्रत्येक फेरीत तो एक पायरी खालीच राहतो. यावरचा उपाय बऱ्याच ग्रुपांना ठाऊक आहे: पहिल्याने एक घ्यायचा, दुसऱ्याने दोन, मग पहिल्याने दोन, असं शेवटपर्यंत. हेच गुण या क्रमाने वाटले तर दोन्हीकडे बरोबर ३९ होतात.

कागदावर एवढ्याने प्रश्न मिटतो, मैदानावर मिटत नाही. कारण क्रिकेटमध्ये माणसांच्या गुणांची सरळ बेरीज होत नाही. मधल्या फळीत तीन चांगले बॅट्समन असले तरी तिसऱ्याला कदाचित बॅटिंगच मिळणार नाही. ओव्हर मात्र कुणाला तरी टाकाव्याच लागतात. आठ ओव्हरची मॅच आणि एका बॉलरला जास्तीत जास्त दोन ओव्हर हा नियम धरला, तर प्रत्येक टीमला चार बॉलर लागतात. दोन्हीकडे मिळून आठ. मित्रांच्या घोळक्यात टेनिस बॉल सरळ स्टंपात टाकू शकणारे आठ जण क्वचितच निघतात. बॅट सगळ्यांनाच धरता येते, निदान तसं प्रत्येकाला वाटतं. बॉलिंगच्या बाबतीत असा गैरसमज फार काळ टिकत नाही.

एक घोळका समोर ठेवू. बारा जण. एक क्लबकडून खेळणारा, बॅटिंग-बॉलिंग दोन्हींत इतरांपेक्षा बराच वरचा. एक फास्ट बॉलर. दोन स्पिनर, एक डावखुरा, एक ऑफस्पिनवाला. तीन जण मध्यम गतीने सरळ टाकणारे, त्यात विशेष काही नाही, पण वाइड नाहीत. झाले सात बॉलर. उरलेल्यांत दोन चांगले बॅट्समन, एक विकेटकीपर, आणि दोन अगदी नवखे.

आता नेहमीच्या पद्धतीने उचलून पाहा. पहिला कॅप्टन क्लबवाला घेतो. दुसरा घाबरून चांगला बॅट्समन घेतो. पहिला फास्ट बॉलर, दुसरा उरलेला बॅट्समन. पहिला डावखुरा स्पिनर, दुसरा कीपर. पहिला दुसरा स्पिनर, मग दोघांत मध्यमवाले, शेवटी एकेक नवखा. वरवर दुसऱ्याची बॅटिंग भक्कम दिसते. पण मोजा: पहिल्याकडे पाच बॉलर, दुसऱ्याकडे दोन. दुसऱ्याला आठातल्या चार ओव्हर अशा हातांत द्याव्या लागणार, ज्यांना सहा बॉल टाकायला दहा लागतात. ओव्हरला चार वाइड म्हटले तरी चार ओव्हरमध्ये सोळा रन फुकट, आणि वर सोळा बॉल पुन्हा टाकायचे. म्हणजे समोरची टीम आठऐवजी जवळजवळ पावणेअकरा ओव्हर खेळते. दोन चांगल्या बॅट्समननी ही खोट कशी भरून काढायची? तरी मॅच संपल्यावर चर्चा होते ती सुटलेल्या कॅचची. टीम पाडतानाच काय बिघडलं ते कुणी बोलत नाही.

म्हणून पहिलं काम बॉलर मोजण्याचं. त्यासाठी प्रत्येकाला दहापैकी गुण देत बसू नये, त्यातून फक्त भांडणं निघतात. एकच प्रश्न पुरतो: हा दोन ओव्हर टाकेल का, की वाइड देत बसेल? याचं उत्तर ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत असतं आणि त्यावर सहसा कुणी रुसत नाही.

दुसरं काम जोड्यांचं. आपल्याकडे गल्लीत ही पद्धत फार जुनी आहे. साधारण सारख्या ताकदीचे दोघं खांद्यावर हात टाकून बाजूला जातात, एकमेकांची गुप्त नावं ठरवतात आणि कॅप्टनांसमोर येऊन विचारतात: वाघ हवा की सिंह? कॅप्टन नाव निवडतो, माणूस नाही. या खेळात मला दिसतं ते शहाणपण असं, की शेवटी कुणीच उरत नाही. एकाआड एक उचलण्यात शेवटचा पोरगा चेंडू झेलत उभा असल्याचं नाटक करतो आणि त्याला सगळं ऐकू येत असतं. जोड्यांत नवखा नवख्याबरोबरच येतो, त्यामुळे तो कुणाच्या गळ्यात पडत नाही.

मात्र जोड्या नुसत्या दोस्तीवर पडल्या तर उपयोग नाही. जोडी कामाप्रमाणे पडली पाहिजे. आपल्या घोळक्यात दोन स्पिनर एक जोडी, दोन मध्यमवाले एक जोडी, दोन बॅट्समन एक जोडी, दोन नवखे एक जोडी. या चार जोड्या वाघ-सिंह करून खुशाल फुटू देत. उरले चौघं: क्लबवाला, फास्ट बॉलर, तिसरा मध्यमवाला आणि कीपर. खरी खोच या चौघांत आहे, कारण क्लबवाल्याला जोडच नाही.

बॉलर सात, म्हणजे एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला तीन होणारच. तीनची बाजू क्लबवाल्याला द्यायची. त्याच्यासमोर फास्ट बॉलर, आणि त्याच्या बाजूला कीपर देऊन समोर तिसरा मध्यमवाला. आता क्लबवाल्याकडे तो स्वतः, एक स्पिनर आणि एक मध्यमवाला असे तीन बॉलर. सहा ओव्हर नीट पडतील, उरलेल्या दोन बॅट्समनला नाहीतर नवख्याला टाकाव्या लागतील आणि तिथे रन गळतील. समोर चार बॉलर पूर्ण आहेत, पण क्लबवाल्यासारखा फटकेबाज नाही. एकाची गळती आणि दुसऱ्याची उणीव साधारण बरोबरीत येतात. चार जोड्या नशिबावर सोडल्यामुळे टीम सोळा वेगवेगळ्या प्रकारे पडू शकतात, आणि सोळाही प्रकारांत बॉलरांचं गणित तीन-चारच राहतं.

मग फक्त क्लबवाल्याच्या बॅटिंगला कुंपण घालायचं. दोन ओव्हरच्या नियमाने त्याची बॉलिंग आठातल्या दोन ओव्हरवर थांबते. बॅटिंगला असा लगाम आपोआप नसतो; तो आठही ओव्हर उभा राहू शकतो. म्हणून तीस रन झाले की रिटायर, आणि बाकीचे सगळे आऊट झाले तरच परत यायचं. हा नियम टॉसच्या आधी बोलून घ्यावा. तो अठ्ठावीसवर असताना सुचलेल्या नियमाला नियम म्हणत नाहीत.

असं कुंपण घालण्याची खटपट इंग्लंडात फार पूर्वीपासून चाललेली आहे. हौशी ‘जंटलमेन’ आणि पैसे घेऊन खेळणारे ‘प्लेयर्स’ यांचे सामने १८०६मध्ये सुरू झाले, तेव्हा हौशी मंडळींना प्लेयर्सपैकी बेल्डम आणि लॅम्बर्ट हे दोन बडे खेळाडू उसने दिले होते, आणि जंटलमेन जिंकले. १८३७मध्ये दुसरा प्रयोग झाला: माणसं तशीच ठेवून प्लेयर्सच्या यष्ट्या मोठ्या केल्या, की ते लवकर बोल्ड व्हावेत. तरी प्लेयर्सच जिंकले. १८६२च्या १ जानेवारीला मेलबर्नला इंग्लंडचे अकरा खेळाडू व्हिक्टोरियाच्या अठरा जणांविरुद्ध उतरले, कारण अकराविरुद्ध अकरा केलं तर सामन्यात राम उरणार नाही असं यजमानांना वाटत होतं. या तिन्हींतला मला पटतो तो पहिला. माणसं हलवली की दोन्हीकडचे बॉलर बदलतात. यष्ट्या मोठ्या करून तसं काही होत नाही, आणि अठरा जण मैदानात उभे केले तर चेंडू जाणार कुठून?

तेरावा आला तर? सहसा त्याला ‘कॉमन’ करतात, म्हणजे तो दोन्हीकडून बॅटिंग आणि फिल्डिंग करतो. बहुतेक ठिकाणी हा मान सगळ्यात लहान पोराला, लिंबूटिंबूला मिळतो. त्यापेक्षा क्लबवाल्यालाच कॉमन करून पाहावं. तो दोन्ही डावांत शेवटी बॅटिंगला येईल, बॉलिंग कुणाकडूनच करणार नाही, आणि तेरावा माणूस त्याच्या जागी टीममध्ये जाईल. उरलेल्या बारांत आता कुणीच एकट्याने मॅच काढून नेणारा राहत नाही. त्याने दोन्हीकडून सारख्याच जिवाने खेळायला हवं, एवढी अट आहे. स्वभाव ओळखूनच हे करावं.

जोड्यांतही लबाडी होते. वाघ कोण आहे ते कॅप्टनला डोळ्याने सांगणारे असतात, आणि काही दोस्त दर रविवारी वाघच असतात. दोन उपाय आहेत. नावं जोडीने न ठरवता तिसऱ्या कुणी कानात सांगावीत. किंवा गुप्त नावं सोडून द्यावीत आणि वाटणीचा रिवाज धरावा: एकाने दोन वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. एका कॅप्टनने बारांच्या पूर्ण दोन टीम करून दाखवायच्या, दुसऱ्याने हवी ती घ्यायची. टीम करणारा स्वतःचं भलं करायला जाईल तर तेच भलं समोरचा उचलून नेईल, म्हणून त्याला बरोबरीच करावी लागते. या पद्धतीत कॅप्टनने टीमचा भाग असू नये, नाहीतर तो स्वतः ज्या बाजूला आहे तिथेच गोंधळ होतो. त्या दिवशी पाय मुरगळलेला एखादा म्हातारा मित्र हे काम उत्तम करतो.

इतकं करूनही पहिली मॅच एकतर्फी होऊ शकते. लगेच सगळं मोडून पुन्हा टीम पाडू नयेत. आठ ओव्हरचा खेळ एका सुटलेल्या कॅचने फिरतो, त्यावरून माणसांची ताकद कळत नाही. हरण्यापेक्षा हरण्याची तऱ्हा पाहावी. चांगले बॅट्समन लवकर आऊट झाले म्हणून हरलो असेल तर तो दिवसाचा भाग, तशीच टीम ठेवून दुसरी मॅच खेळावी. पण वाइड कुठल्या ओव्हरमध्ये गेले ते आठवून पाहिलं आणि ते सगळे चौथ्या बॉलरच्या दोन ओव्हरमध्ये निघाले, तर वाटणी चुकलेली आहे. अशा वेळी एकच अदलाबदल करावी, तीही क्लबवाल्याची नाही: चार बॉलरवाल्यांनी त्यांचा एक मध्यमवाला द्यावा आणि बदल्यात कीपर घ्यावा. दुसऱ्या मॅचमध्ये बॉलर चार-तीनच राहतात, पण चारची बाजू बदलते आणि क्लबवाल्याकडे जाते. म्हणून त्याचा रिटायर तिसावरून विसावर आणायचा, आणि हे त्याला त्याने पहिल्या मॅचनंतर पाणी प्यायच्या आत सांगायचं.