शिकवणीची फी खात्यातून : आधी पगाराची तारीख पाहा

अलिबागपासून रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवर वस्तीवस्तीत छोटे शिकवणी वर्ग चालतात. कुठे समाजमंदिरात, कुठे विहाराच्या ओसरीवर, कुठे शिकवणाऱ्या ताईंच्याच पडवीत. महिना झाला की फी मुलाच्या दप्तरातून येते. कधी नोट वाटेत पडते, कधी घरात तेल-मीठ आधी येते आणि फी राहते. मग बाकी राहिलेले मूल आपणहून यायचे बंद होते. ताई काही बोललेल्या नसतात, पण मुलालाच चारचौघांत बसायला लाज वाटते. दोन-तीन आठवडे असे गेले की गणिताचा धडा निसटतो. म्हणून पैशाचा व्यवहार मुलाच्या हातातून काढावा, असे आम्हांला वाटते आणि त्यासाठी ही योजना मांडतो.

फी दरमहा आपोआप कापली जाण्याची सोय आता मोबाईलवर आहे. तिला यूपीआय ऑटोपे म्हणतात. २०२० सालापासून ती चालू आहे. पतपेढीचा हप्ता पगारातून कापला जातो, तसेच हे आहे. फरक एवढाच की येथे परवानगी पालक स्वतः देतो आणि मनात येईल तेव्हा स्वतः काढून घेतो. बँकेमार्फत हप्ता कापण्याची नॅच नावाची दुसरी पद्धत आहे, कर्जाचे हप्ते तीवरच जातात. पण त्यात खात्यात पैसे नसले तर पालकाची बँक दंड लावते आणि अनेक बँकांत तो काही शे रुपयांचा असतो. तीनशे रुपये फीसाठी तेवढाच दंड भरायचा, हे आपल्या लोकांना परवडणारे नाही. छोट्या वर्गाने नॅचच्या वाटेला जाऊ नये.

हिशेबासाठी चाळीस मुलांचा एक वर्ग धरू. फी महिना ३०० रुपये, म्हणजे एकूण १२,००० रुपये. योजनेचे पहिले काम मोबाईलवर नाही, वहीत आहे. प्रत्येक पालकाला एकच प्रश्न विचारायचा : तुमच्या घरात पैसा कोणत्या तारखेला येतो? थळच्या खत कारखान्यात किंवा डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटावर असलेल्यांचा पगार कायद्याने पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हायला हवा. किहीम-नागावच्या बंगल्यांवर घरकाम करणाऱ्या भगिनींना मालकाच्या सोयीने मिळतो. जेट्टीवर बर्फ भरणारे, मासळी निवडणारे, गवंड्याच्या हाताखाली जाणारे यांचा पैसा रोजचा. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तेव्हा जेट्टीवर कामच नसते. नेमकी तेव्हाच शाळा सुरू होते!

समजा चाळीसपैकी बावीस घरांत महिन्याचा पगार येतो आणि त्यांतले अठरा पालक तयार होतात. ऑटोपे या अठरांसाठीच. बाकीच्यांची फी रोखच राहील, हवी तर आठवड्याला ७५ रुपयांप्रमाणे. सर्वांवर सक्ती केली तर ज्यांच्याकडे आधीच कमी आहे त्यांचीच कपात चुकेल. कपातीची तारीख १० ठेवावी. पहिल्या तारखेचा मोह शिकवणाऱ्यांना होतो, कारण वीजबिल लवकर भरता येते. पण १ तारखेला खाते रिकामे असते.

आता नोंदणी. नुसत्या दुकानातल्यासारख्या क्यूआरच्या चिठ्ठीवर ऑटोपे चालत नाही. पैसे गोळा करून देणाऱ्या अधिकृत कंपनीकडे, म्हणजे पेमेंट गेटवेकडे, वर्गाचे खाते उघडावे लागते. त्यासाठी पॅन, बँक खाते आणि ओळखीची कागदपत्रे लागतात. गेटवे आपला मोबदला घेतो. तो २ टक्के धरला तर ३०० रुपयांवर ६ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७ रुपये ८ पैसे. अठरा मुलांचे महिन्याला सुमारे १२७ रुपये होतात. प्रत्येक गेटवेचा दर वेगळा, तेव्हा सही करण्याआधी "एका कपातीमागे सर्व धरून किती?" हे विचारून घ्यावे. कुणी नोंदणीसाठी किंवा वर्षाचे वेगळे पैसे मागत असेल तर एवढ्या वर्गाने त्याला नमस्कार करावा. हा १२७ रुपयांचा भार वर्गाने सोसावा, फीवर चढवू नये असे आमचे मत आहे.

जूनची फी प्रवेशाच्या वेळी रोख घ्यावी, म्हणजे नोंदणीला महिनाभर मिळतो. मग पालकाला दुवा पाठवावा. तो उघडला की त्याच्या मोबाईलवर वर्गाचे नाव, रक्कम, दरमहा कपात आणि पहिली व शेवटची तारीख दिसते. येथे पालकाने डोळ्यांत तेल घालून वाचावे. रक्कम नेमकी ३०० असावी, "जास्तीत जास्त १,०००" असे लिहिलेले असेल तर मान्य करू नये. पहिली कपात १० जुलै, शेवटची १० एप्रिल. दहा कपाती, ३,००० रुपये. शेवटची तारीख नसेल तर मे महिन्यात वर्ग बंद असतानाही पैसे जात राहतील. सर्व बरोबर असेल तरच पिन टाकावा. पिन एकदाच लागतो, पुढच्या कपातींना लागत नाही. म्हणूनच पुढे कधी "ऑटोपे नवे करायचे आहे, पिन टाका" असा फोन आला तर तो लबाडाचा समजून आधी ताईंना विचारावे.

प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी पालकाला सूचना यायला हवी. घरात आजारपण निघाले आणि पैसे द्यायचे नसतील तर त्याच वेळी ॲपमधील ऑटोपेच्या यादीत जाऊन कपात थांबवता किंवा रद्द करता येते. त्यासाठी वर्गाची परवानगी लागत नाही. ताईंना मात्र एक निरोप द्यावा, नाहीतर त्यांना गेटवेच्या यादीत नुसते "रद्द" दिसते आणि मूल वर्ग सोडून गेले असा समज होतो.

खरा घोटाळा होतो तो अपयशी कपातीत. १० तारखेला खात्यात २४० रुपये आहेत, कपात झाली नाही. अशी चुकलेली कपात आणखी तीनदापर्यंत करून पाहता येते. इकडे आई १२ तारखेला ३०० रुपये रोख आणून देते, ताई वहीत "मिळाले" लिहितात आणि १३ तारखेला पुन्हा प्रयत्न होऊन खात्यातूनही ३०० जातात. फी दोनदा गेली आणि भांडण उभे राहिले. त्याला उपाय सोपा आहे. रोख हाती घेण्याआधी त्या मुलाचा पुढचा प्रयत्न गेटवेवर थांबवायचा आणि वहीत नावापुढे "थांबवले" असे तारखेसह लिहायचे. थांबवता येत नसेल तर प्रयत्न संपेपर्यंत रोख घ्यायची नाही. तरीही दोनदा गेलीच तर पैसे खात्यावर परत करावेत, "पुढच्या महिन्यात वळते करू" म्हणू नये. त्या घराला ते पैसे आज लागतात. कपात चुकल्यावर बँक काही आकारते का, हे पालकाने आपल्या शाखेत आधीच विचारून ठेवावे.

चुकलेल्या कपातींची यादी ताईंनी ११ तारखेला पाहावी आणि फोन पालकालाच करावा. मुलाला विचारू नये. एखाद्या घरी लागोपाठ दोन महिने कपात चुकली तर तारीख चुकीची आहे असे समजावे. अशा पालकाची जुनी परवानगी रद्द करून १८ तारखेची नवी घ्यावी किंवा त्याला रोखीवर आणावे. आणखी एक पाहावे : पुष्कळ घरांत ऑटोपे मुंबई-पनवेलला कामाला असलेल्या थोरल्या मुलाच्या खात्यावर असते. मग सूचना त्याच्या मोबाईलवर जाते, आईला कळत नाही. वहीत पालकाच्या नावाशेजारी "पैसे कोणाच्या खात्यातून" हा एक रकाना जरूर असू द्यावा.